पगाराचा आकडा कमी आला, तर उत्तर कसे लिहावे

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले ऑफरचे तपशील पाहिले. पहिल्याच फोनवर साडेअकरा लाखांची अपेक्षा तू सांगितली होतीस आणि हातात 10,20,000 रुपयांची ऑफर आली, म्हणून तू नाराज आहेस. मनुष्यबळ विभागात मी बरीच वर्षे पलीकडच्या खुर्चीत बसून असे आकडे पाठवले आहेत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो.

फोनवर तू 'चालेल, बघते' म्हणालीस, हे मला थोडे खटकले. आपल्याकडे 'चालेल' हा शब्द बोलणे संपवण्यासाठीही वापरतात, पण भरती करणारी व्यक्ती त्याची नोंद 'उमेदवाराला मान्य' अशी करते आणि पुढचा आकडा मागणे त्यामुळे अवघड होते. तेव्हा आजच दोन ओळींची ईमेल पाठव: ऑफरबद्दल आभार, वेतनाची पूर्ण फोड मिळावी ही विनंती, आणि दोन कामाच्या दिवसांत लेखी उत्तर देईन एवढेच. त्यात आकड्यांचा उल्लेख नको.

फोड आली की आधी स्वतः हिशेब कर. तुझी आजची सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 8,40,000 आहे आणि त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, नाही. बेसिक निम्मे, म्हणजे 4,20,000 धरले, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना 1,800 या हिशेबाने वर्षाचे 21,600 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 20,200 रुपये, वजा जाते. उरलेल्या रकमेच्या बाराव्या हिश्श्यातून तुझा स्वतःचा पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर गेला की हातात सुमारे 64,500 येतात. नव्या ऑफरमध्ये दहा टक्के, म्हणजे 1,02,000 रुपये, व्हेरिएबल आहे. ते महिन्याच्या पगारात येत नाही, म्हणून ते वगळून याच रीतीने हिशेब केला, तर दरमहा हातात सुमारे 70,600 येतात. कागदावर वाढ एक लाख ऐंशी हजारांची आहे, पण महिन्याच्या पगारात ती सहा हजारांच्या आसपासच दिसते. (नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर तुला आयकर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही.) 'तुम्हाला एकवीस टक्के हाइक मिळते आहे' असे भरती करणारी व्यक्ती म्हणेल, तेव्हा हा हिशेब तुझ्याजवळ तयार असला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. ज्या बाईंशी तू बोलतेस, त्यांच्या हातात पैसे नाहीत. पदाचा बँड, म्हणजे पगाराची किमान-कमाल मर्यादा, ठरलेला असतो आणि त्याच्या वरच्या भागात जायचे असेल, तर त्यांना हायरिंग मॅनेजरची आणि वेतन ठरवणाऱ्या विभागाची मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी त्यांना कारण लिहावे लागते आणि ते कारण त्या तुझ्या ईमेलमधूनच उचलतात. म्हणून तुझे उत्तर असे असावे, की त्यांनी ते जसेच्या तसे वर पाठवले तरी कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही. मी स्वतः तरुणपणी एका ठिकाणी घरभाडे आणि बहिणीचे लग्न ही कारणे लिहून वाढ मागितली होती. उत्तर अतिशय सौजन्याचे आले आणि आकडा जागचा हलला नाही. माझी अडचण खरी होती, पण ती वाचून कोणाला मंजुरीच्या कागदावर काही लिहिता येण्यासारखे नव्हते.

ईमेल तू इंग्रजीतच लिहिशील, पण आशय साधारण असा ठेव:

"आपल्या ऑफरबद्दल मनःपूर्वक आभार. मुलाखतींमधून कामाचे स्वरूप समजले आणि या संघात काम करण्याची माझी इच्छा अधिक पक्की झाली. फोड पाहता एकूण वेतन 11,50,000 आणि त्यातील निश्चित भाग 10,35,000 करता येईल का, याचा आपण विचार करावा, अशी विनंती आहे. मुलाखतीत ज्या ऑटोमेशनच्या कामाविषयी चर्चा झाली, ते काम मी गेली दोन वर्षे स्वतंत्रपणे सांभाळत आहे आणि दोन नव्या सहकाऱ्यांना त्यात तयारही केले आहे, त्यामुळे शिकण्यासाठी वेगळा काळ लागणार नाही. हा बदल शक्य झाल्यास सुधारित ऑफर लेटर मिळेल त्याच दिवशी मी स्वीकृती कळवीन."

यात एकूण वेतनाचा आकडा एकच आहे. 'अकरा ते साडेअकरा' असे लिहिलेस, तर अकराच वाचले जाते. निश्चित भाग वेगळा मागितला आहे, कारण नुसती सीटीसी वाढवायला सांगितली, तर वाढ व्हेरिएबलमध्ये घालून देणे त्यांना सोपे पडते. हा आकडा मिळाला, तर हातात दरमहा सुमारे 80,000 येतील. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडमध्ये उमेदवार दुसरीकडे निघून जातो, ही भरती करणाऱ्यांची रोजची धास्ती असते, त्यामुळे 'त्याच दिवशी स्वीकारते' हे आश्वासन त्या वर जाऊन सांगू शकतात. मात्र ते खरोखर पाळणार असशील तरच लिही.

दुसरी ऑफर हातात नसताना आहे असे सुचवू नकोस, कारण तिची प्रत सरळ मागितली जाते. सध्याचा पगारही फुगवू नकोस, कारण पगारपत्रके आणि फॉर्म 16 पुढे तपासले जातात, आणि तिथे तफावत निघाली तर ऑफरच मागे घेतली जाते.

उत्तर 'बँडमध्ये जागा नाही' असे आले, तर ते बहुधा खरे असते, आणि तिथे वाद घातला तर संबंध बिघडतात. अशा वेळी बँडच्या बाहेरची गोष्ट माग. त्यांना तू साठ दिवसांत हवी आहेस आणि तुझी नोटीस नव्वदची आहे. उरलेल्या तीस दिवसांची वसुली तुझी कंपनी बेसिकवर करत असेल, तर ती 35,000 होते. ही रक्कम नव्या कंपनीने भरून द्यावी, ही मागणी सहज समजण्यासारखी आहे. जॉइनिंग बोनसही मागता येतो, पण तो एकदाच मिळतो, पुढची वाढ त्यावर मोजली जात नाही आणि वर्षाच्या आत सोडल्यास बहुतेक ठिकाणी परत करावा लागतो. 'सहा महिन्यांनी पगार बघू' असे कोणी तोंडी सांगितले, तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून माग. सांगणारी व्यक्ती तोवर त्या जागेवर असेलच असे नाही आणि तुझे मूल्यमापनही ती करणार नसते.

ईमेल पाठवण्याआधी, किती मिळाले तर तू हो म्हणशील तो सर्वांत खालचा आकडा स्वतःपुरता लिहून ठेव. माझ्या मते तुझ्यासाठी तो 10,80,000 असावा, निश्चित भाग पावणेदहा लाखांच्या खाली न जाता. पण ठरवायचे तू. एकदा मागणी आणि फार तर एक पर्याय, एवढ्यावर थांब. त्याखाली उत्तर आले, तर दोन ओळींत आभार मानून नकार कळव आणि पुढे योग्य जागा निघाल्यास संपर्कात राहायला आवडेल, असेही लिही. त्या बाई उद्या दुसऱ्या कंपनीत असतील आणि त्यांच्या यादीत तुझे नाव राहील.

सुधारित ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. मसुदा तयार झाला की उद्या रात्रीपर्यंत मला पाठव, पाठवण्याआधी एकदा नजर टाकतो.

तुझ्या बाबांचा जुना मित्र,
काका