वाचनालय ट्रस्टच्या शिल्लक रकमेवर कर लागेल का?

प्रश्न: गुहागरजवळ आमचं वाचनालय ट्रस्ट आहे, आयकर कायद्याखाली १२एबी नोंदणी आहे. २०२४-२५ मध्ये उत्पन्न २० लाख, खर्च ११ लाख. उरलेल्यावर कर भरायचा का?

उत्तर: सगळ्यावर नाही. १५ टक्के, म्हणजे ३ लाख, विनाअट राखता येतात. उरलेले १७ लाख उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवे होते, त्यामुळे प्रश्न फक्त ६ लाखांचा. तुमचे ११ लाख प्रत्यक्ष दिलेले आहेत ना, ते आधी बघा. ठेकेदाराचं थकलेलं बिल यात धरत नाहीत.

ते ६ लाख करमुक्त राहून पुढच्या खर्चासाठी साठवायचे, तर फॉर्म १० ऑनलाइन भरायचा, रिटर्नच्या मुदतीच्या किमान दोन महिने आधी. रिटर्नही वेळेत हवं. हेतू नेमका लिहा: ‘वाचनालयावर दुसरा मजला’. नुसतं ‘संस्थेची उद्दिष्टं’ लिहिलंत तर वाद ओढवून घ्याल. पैसे बँकेत किंवा पोस्टात ठेवा. आपल्याकडे व्याज जास्त म्हणून पतसंस्थेत ठेवायची सवय आहे, ती इथे महागात पडते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. तोवर मजला झाला नाही, तर न वापरलेली रक्कम पाचव्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. हे पैसे दुसऱ्या ट्रस्टला देणगी म्हणूनही देता येत नाहीत.