कुंपणाचा फुटाचा भाव काढताना फाटक वेगळे ठेवा

भाऊ, ठेकेदाराने सांगितलेला फुटाचा भाव मान्य करण्यापूर्वी हिशेब स्वतः मांडा. समजा, प्लॉट 50 बाय 60 फुटांचा आहे. परीघ 220 फूट भरतो, त्यातील 10 फूट फाटकाचे. म्हणजे तार 210 फुटांवरच लागेल.

दहा-दहा फुटांवर खांब धरल्यास 22 खांब होतात आणि नवखा माणूस येथेच थांबतो. चारही कोपऱ्यांना दोन-दोन आणि फाटकाच्या दोन्ही खांबांना एक-एक तिरपा टेका हवा, म्हणजे एकूण 32 नग. मी पहिल्या कुंपणात टेके वाचवले होते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडताच कोपऱ्याचा खांब आत झुकला आणि तार गुडघ्यापर्यंत लोंबली. खांब दोन फूट गाडून काँक्रीट भरावे.

काटेरी तारेचे पाच पदर धरल्यास 1050 फूट, म्हणजे सुमारे 320 मीटर तार लागते. ती किलोने मिळते, म्हणून किलोत किती मीटर बसते हे दुकानदाराला आधी विचारा. दहा बसत असेल, तर गाठी धरून 35 किलो घ्या.

उदाहरणादाखल खांब 350 रुपयांप्रमाणे 11,200, तार 100 रुपयांप्रमाणे 3,500 आणि खड्डे, काँक्रीट व मजुरी 5,300 धरल्यास 20,000 होतात, म्हणजे फुटाला सुमारे 95 रुपये. फाटकाचे 9,000 त्यात मिसळले, तर 220 फुटांवर हाच भाव 132 दिसतो. फाटकाचा खर्च प्लॉटबरोबर घटत नाही, म्हणून लहान प्लॉटवर भाव अधिक फुगतो. दोन ठेकेदारांची तुलना फाटक वगळूनच करा.