एनर्जी सूत्राच्या खाली आली म्हणजे प्रोग्राम चुकला, असं नाही

प्रश्न: पार्टिकल इन अ बॉक्ससाठी १०० बिंदूंची फायनाईट डिफरन्स मॅट्रिक्स केली (ħ = m = L = 1). E₁ ४.७४ येतं, सूत्राने ४.९३ यायला हवं. वरच्या लेव्हलही कमीच येतात. N वाढवू का?

N राहू दे, आधी h बघ. तू `linspace(0,1,100)` घेतलं असणार, म्हणजे दोन्ही भिंती बिंदूंमध्ये धरल्या आणि h झाला 1/99. पण १०० × १०० मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीला डावीकडे शेजारी नसतो, म्हणजे त्या जागी ψ शून्य धरलेला असतो. खरी भिंत पहिल्या बिंदूच्याही एक h अलीकडे गेली, दुसऱ्या टोकालाही तेच झालं. तुझा बॉक्स 101/99 लांबीचा आहे. एनर्जी लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून ३.९ टक्के खाली. N हजार केलास तर चूक ०.४ टक्क्यावर येईल आणि बरं झालं असं वाटेल, पण भिंत चुकलेलीच राहील.

```python
import numpy as np
N = 100              # फक्त आतले बिंदू
h = 1/(N+1)
H = (np.eye(N) - 0.5*np.eye(N,k=1) - 0.5*np.eye(N,k=-1))/h**2
E = np.linalg.eigvalsh(H)
```

आता E₁ ४.९३४४ येईल, सूत्राचं ४.९३४८ आहे. अजूनही कमीच, आणि इथेच माझं जुनं दुखणं आहे.

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मी हाच प्रोग्राम केला होता आणि नेमकी हीच h ची चूक केली होती. एक्स्टर्नल सरांनी जर्नलमधल्या ४.७४ वर पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "ग्राउंड स्टेटच्या खाली एनर्जी कशी गेली? व्हेरिएशनल थिअरम माहीत नाही का?" मी गप्प बसले. मार्क गेले ते गेले. घरी येऊन h दुरुस्त केला, तरी उत्तर सूत्राच्या खालीच. रात्रभर मला वाटत राहिलं की प्रोग्राममध्ये अजून काहीतरी चुकतंय. काहीही चुकत नव्हतं. माझा आकडा चूक होता, पण सरांचं कारणही चूक होतं.

व्हेरिएशनल थिअरमला बॉक्सभर पसरलेलं एक ट्रायल फंक्शन लागतं, ज्याची एनर्जी आपण खरोखर इंटिग्रेट करून काढतो. फायनाईट डिफरन्समध्ये दोन बिंदूंच्या मध्ये ψ काय आहे हे आपण सांगतच नाही. फक्त दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या जागी तीन बिंदूंचा फरक ठेवतो. हा फरक म्हणजे त्या बिंदूची वक्रता नव्हे, दोन्ही बाजूंच्या h अंतरातल्या वक्रतेची सरासरी, मधल्या बिंदूला जास्त वजन देऊन काढलेली. साइन लाटेच्या शिखरावर अशी सरासरी घेतली की ती शिखरापेक्षा कमीच येणार. वक्रता कमी म्हणजे कायनेटिक एनर्जी कमी. गंमत म्हणजे या मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर बिंदूंवर तंतोतंत sin(nπx) असतात, त्यात तिळमात्र चूक नसते. चुकते ती फक्त एनर्जी, आणि तीही हिशेबाने:

Eₙ = (2/h²) sin²(nπh/2)

खऱ्या एनर्जीच्या मानाने घट साधारण (nπh)²/12. तुझ्या १०० बिंदूंना n = 1 साठी ०.००८ टक्के, n = 10 साठी ०.८, आणि n = 50 साठी तब्बल १८.६. लाट जितकी आखूड, तितकी सरासरी तिला जास्त सपाट करते. म्हणून खालच्या साधारण दहाव्या हिश्शातल्या लेव्हलच वापर, बाकीच्या मॅट्रिक्स देते म्हणून घेऊ नकोस.

कुठली चूक आहे ते ओळखायला E आणि सूत्र यांचं गुणोत्तर n पुढे मांड. n = 1 लाच गुणोत्तर १ पासून ढळलं असेल आणि पुढच्या काही लेव्हलना जवळपास तेवढंच राहत असेल तर भिंत चुकली. n = 1 ला जवळजवळ १ असून n² प्रमाणे घसरत असेल तर ती पद्धतीची अंगची घट आहे, तिला माझ्यासारखं रात्रभर शोधत बसू नकोस. N दहापट केल्यावर भिंतीची चूक दहापट कमी होते, पद्धतीची शंभरपट.

सरांचा थिअरम लागू पडतो तो फायनाईट एलिमेंटला. तिथे बिंदूंमध्ये सरळ रेषा जोडून खरंखुरं ट्रायल फंक्शन बनतं आणि एनर्जी वरून येते, चूकही छोट्या h ला तेवढीच, (nπh)²/12, फक्त अधिक चिन्हाची. व्हायव्हात कोणी विचारलंच तर हे दोन्ही आकडे शेजारी ठेव. त्या दिवशी मला ते सुचले नाहीत.

हे सगळं अनंत उंचीच्या भिंतींचं. मर्यादित खोलीची विहीर असेल तर विहिरीची कड ग्रिडच्या बिंदूवर येते की दोन बिंदूंच्या मध्ये, यावर चूक ठरते, आणि मग वरचं n² चं गणित तसंच लावता येत नाही.