डेअरीच्या सांडपाण्याचा बीओडी लावताना

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आणि सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा. आधी सीओडी बघ. समजा तो १२०० मिलिग्रॅम प्रति लिटर आला, तर डेअरीच्या पाण्याचा बीओडी साधारण ६०० च्या आसपास धर आणि त्यावरून ३०० मिलीच्या बाटल्यांत १, २ आणि ४ मिली नमुना घे, बाकी बाटली नमुना पातळ करायच्या डायल्यूशन पाण्याने भर. एकाच डायल्यूशनवर कधीच विसंबू नकोस. पाच दिवसांनी ऑक्सिजन निदान २ मिलिग्रॅम प्रति लिटर घटलेला हवा आणि निदान १ उरलेला हवा, तरच ती बाटली धरायची.

धुलाईच्या क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून तो सोडियम सल्फाइटने आधी घालव, पीएच ७ च्या जवळ आण आणि प्रत्येक बाटलीत निवळलेल्या घरगुती सांडपाण्याचं २ मिली सीड, म्हणजे जिवाणूंचं विरजण, टाक. त्या सीडची वेगळी बाटलीही लाव. १० मिली सीडने ४.० घट दिली, तर २ मिलीचा वाटा ०.८.

आता २० अंशांवर पाच दिवसांनंतर २ मिलीची बाटली ८.६ वरून ३.६ वर आली. घट ५.०, सीडचे ०.८ वजा केले की ४.२. त्याला ३०० भागिले २ ने गुणलं की ६३०. सीड वजा करायला विसरलास तर ७५० येईल, हा फरक फार मोठा आहे. १ मिलीची ८.६ वरून ५.६ वर थांबली, सीड वजा जाता २.२, त्याला ३०० ने गुणलं की ६६०. ४ मिलीत ०.२ च उरला, ती सोडून दे. सरासरी ६४५.

नमुना कमी घेतलेल्या बाटलीत उत्तर बरंच जास्त येत असेल, तर विषारी घटक शोध. नुसत्या डायल्यूशन पाण्याची घट ०.२ च्या वर गेली, तर पाणी किंवा बाटल्या अस्वच्छ आहेत.