न वाचलेले संदर्भ आणि परीक्षकाचा एक प्रश्न

"मॅडम, प्रबंध दोन महिन्यांत सादर करायचा आहे. गाइड म्हणतात संदर्भ दोनशेच्या वर दिसले पाहिजेत. माझे खरे वाचून झालेले ऐंशीच्या आसपास आहेत. बाकीचे मी जुन्या प्रबंधांच्या याद्यांतून घेतले. मजकूर चोरलेला नाही, प्लेजरिझम रिपोर्टही स्वच्छ आला. सगळेच असं करतात. तरी रात्री झोप लागत नाही. यात खरंच एवढं चुकीचं आहे का?"

रिपोर्टचं आधी सांगते, कारण तुमचा सगळा भरवसा तिथेच दिसतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार साम्य तपासताना संदर्भसूची वगळली जाते. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला याचा अर्थ यादी तपासली गेली असा होत नाही. ती सॉफ्टवेअर तपासत नाही, माणूस तपासतो. बहिःस्थ परीक्षक बरेचदा प्रबंध शेवटाकडून उघडतात, आणि ज्या विषयात त्यांचं आयुष्य गेलं त्या विषयाची यादी त्यांना पाच मिनिटांत कळते.

माझ्याकडे आलेल्या एका संशोधक विद्यार्थ्याचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील सोडून दिले आहेत. त्याचा विषय महिला बचत गट आणि सूक्ष्म कर्ज हा होता. सर्वेक्षण त्याने गावोगाव फिरून मनापासून केलं होतं. प्रबंधाला १८६ संदर्भ होते. परीक्षकाचा अहवाल आला, त्यात सर्वेक्षणाबद्दल चांगलं लिहिलं होतं आणि दुसऱ्या प्रकरणातल्या एका वाक्याखाली रेघ मारली होती. वाक्य असं: "सूक्ष्म कर्जामुळे महिलांच्या कुटुंबाचे उत्पन्न वाढते व त्यांची निर्णयक्षमता बळकट होते (गेट्झ व सेन गुप्ता, १९९६, पिट व खांदकर, १९९८, रूडमन व मॉर्डक, २०१४)." समासात प्रश्न होता: "हे तिन्ही लेख आपण पाहिले आहेत का?"

पाहिले नव्हते. आम्ही ते मिळवले आणि समोरासमोर बसून वाचले. तिन्ही अभ्यास बांगलादेशचे. पिट आणि खांदकर यांनी कुटुंबाचा उपभोगावरचा खर्च मोजला होता. स्त्रीला दिलेल्या दर १०० टका कर्जामागे तो वर्षाला १८ टका वाढतो, पुरुषाला दिलेल्या कर्जामागे ११, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे वाक्याला थोडाफार आधार मिळाला, पण तोही उत्पन्नासाठी नाही, खर्चासाठी. गेट्झ आणि सेन गुप्ता यांनी दाखवलं होतं की बाईच्या नावावर निघालेल्या बऱ्याच कर्जांचा ताबा प्रत्यक्षात घरातल्या पुरुषांकडे जातो. निर्णयक्षमता बळकट होते म्हणणाऱ्या वाक्याला हा लेख आधार म्हणून जोडणं म्हणजे लेखकांच्या तोंडी उलटं बोलणं घालणं. आणि रूडमन-मॉर्डक यांनी तर पिट-खांदकर यांचीच आकडेवारी पुन्हा तपासली होती. त्यांचं म्हणणं, थोड्या टोकाच्या नोंदी बाजूला काढल्या की तो परिणाम टिकत नाही, आणि कर्जामुळेच खर्च वाढला असं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणजे एका कंसात एक लेख अर्धवट बाजूने, एक विरुद्ध आणि एक पहिल्याला खोडणारा. असं झालं कसं? त्याने तो कंस एका जुन्या प्रबंधातून उचलला होता. आम्ही तो प्रबंध शोधगंगेवर उघडला. तिथलं मूळ वाक्य होतं, "याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत," आणि पुढे तीच तीन नावं, त्याच क्रमाने. तिथे ती बरोबर होती. याने नावं उचलली आणि वाक्य बदललं.

मजकूर चोरला नाही म्हणून दोष नाही, हे तुमचं म्हणणं मला इथेच पटत नाही. संदर्भ देणं म्हणजे साक्ष देणं आहे: हे मी पाहिलं, त्यात असं म्हटलं आहे. न पाहता दिलेली साक्ष खरी निघाली तरी खोटीच. शिवाय दुसऱ्याने शोधून, वाचून, निवडून लावलेली यादी आपल्या नावावर घेतली की त्याचं वाचन आपलं म्हणून दाखवलं जातं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मांडणं हीच वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे. परीक्षकाला आणखी एक चिंता असते. हा प्रबंध उद्या शोधगंगेवर जाणार, पुढचा विद्यार्थी त्यातून हाच कंस उचलणार, आणि खोडला गेलेला निष्कर्ष सिद्ध म्हणून फिरत राहणार. लेखकांना नमुना म्हणून दिलेला, अस्तित्वातच नसलेला एक लेख शेकडो शोधनिबंधांच्या याद्यांत खरा संदर्भ म्हणून उतरल्याचं २०१७ साली उघड झालं. त्याची सुरुवातही न बघता उतरवण्यातूनच झाली.

परीक्षकाला हे दिसतं कसं, तेही त्या यादीत स्पष्ट होतं. अर्ध्या नोंदींत वर्ष लेखकाच्या नावानंतर, अर्ध्यांत शेवटी, कारण त्या दोन वेगळ्या प्रबंधांतून आल्या होत्या. एका संकेतस्थळापुढे "पाहिल्याची तारीख" २०११ होती, आणि विद्यार्थ्याची पीएचडीची नोंदणी २०१७ची. जाडजूड ग्रंथांचे उल्लेख होते, पण पृष्ठक्रमांक एकालाही नाही. आणि सर्वांनाच माहीत असलेल्या साध्या विधानांमागे पाच-पाच नावांची रांग, तर त्याच्या स्वतःच्या वादग्रस्त निष्कर्षापाशी एकही संदर्भ नाही.

आम्ही यादी अशी साफ केली. प्रत्येक नोंद मजकुरात शोधली. जी कुठेच सापडली नाही ती काढली. उरलेल्या प्रत्येकीपुढे त्याने एका ओळीत लिहायचं होतं, या लेखातून मी काय घेतलं आणि कोणत्या पानावरून. ओळ लिहिता आली नाही तर दोनच वाटा, लेख मिळवून वाचायचा किंवा नोंद काढायची. मूळ ग्रंथ मिळतच नाही पण त्यातला विचार हवाच आहे, अशा थोड्या जागी मजकुरात "अमुक, तमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असं लिहिलं आणि यादीत फक्त प्रत्यक्ष वाचलेलं पुस्तक ठेवलं. यात कमीपणा काही नाही, परीक्षकांना ते प्रामाणिक वाटतं. शेवटी ९४ संदर्भ राहिले.

गाइडना काय सांगायचं, ही तुमची खरी अडचण असणार. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांत संदर्भांची किमान संख्या दिलेली नाही. विद्यापीठाची किंवा विभागाची तशी काही लेखी अट आहे का, ते आधी पाहून घ्या. मग सरांपुढे यादी आणि ती एकेक ओळ घेऊन बसा, आणि विचारा, "सर, आणखी काय वाचू?" दोनशेचा आग्रह धरणारे गाइडही या प्रश्नाला बहुधा दहा-बारा नावं सांगतात. तेवढी दोन महिन्यांत वाचून होतात. नुसती ग्रंथसूची, म्हणजे संदर्भ म्हणून न वापरलेल्या पण वाचलेल्या पुस्तकांची यादी, वेगळी देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती द्या. पण "वाचलेल्या" ही अट तिथेही सुटत नाही.

त्या विद्यार्थ्याने दुसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. त्या एका वाक्याचे दोन परिच्छेद झाले: कर्जाने खर्च वाढतो हा दावा, त्यावरचा आक्षेप, आणि कर्ज नेमकं कोण वापरतं हा तिसरा मुद्दा. तो लिहिताना त्याच्या लक्षात आलं की आपल्या प्रश्नावलीत "कर्जाची रक्कम कोणी खर्च केली?" हा प्रश्न होता आणि त्याची उत्तरं त्याने कुठेच वापरली नव्हती. ती उत्तरं घेऊन त्याने एक नवा तक्ता केला. मौखिकीत परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच तक्त्यावर प्रश्न विचारले, आणि त्याला एकाही उत्तरासाठी गाइडकडे बघावं लागलं नाही.