ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर व्लॉग करायचा आहे. परवानगी लागते का, आणि अनोळखी लोकांचे चेहरे दिसले तर चालतं का?

परवानगीचं आधी उरकते. किल्ला एक असला तरी त्याचा धनी एक नाही, आणि बाहेरून येणारे नेमके इथे अडकतात. मानमंदिर, सासबहू मंदिरं, तेली का मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. तिथे हातातल्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढायला तिकिटावर २५ रुपयांची वेगळी पावती. ट्रायपॉड उघडलात की रखवालदार आलाच म्हणून समजा. स्टँड, लाइट आणि चार माणसांचा लवाजमा म्हणजे खात्याच्या लेखी शूटिंग. त्याचं लायसन्स खात्याकडून आधी काढायचं, आणि फी दिवसाला ५०,००० रुपये. पायथ्याचा गुजरी महाल मात्र राज्य सरकारचं संग्रहालय, वरची पावती तिथे दाखवून उपयोग नाही. सिंधिया स्कूल खासगी, तिकडे फिरकूच नका. दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात पावती वगैरे काही नाही. डोकं झाकायचं, जोडे बाहेर, आणि कॅमेरा काढायच्या आधी सेवादाराला विचारायचं.

आता चेहरे. यावर मला जरा बोलायचंच आहे.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, रविवारी सकाळी पायी किल्ला चढतात. वर गेले की गुरुद्वाऱ्यात माथा टेकतात आणि लंगरात पंगतीला बसतात. दोन्ही हात पुढे करून प्रसादा, म्हणजे तिथली पोळी, घेतात, वर दालचं कौतुक घरी आल्यावर मला ऐकवतात. थंडीत अंगात तोच तपकिरी स्वेटर. कोपरावर मीच रफू केलेला, कारण तो टाकून देऊ देत नाहीत. एका बहाद्दराने पंगतीच्या टोकाला बसून त्यांना टिपलं. आधी स्वेटरच्या रफूवर झूम, मग पसरलेल्या हातांवर, मग चेहऱ्यावर. मागे रडकी बासरी आणि खाली हिंदीत मजकूर, की या बाबांना घरचे विचारत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून दिराचा फोन. "वहिनी, नानांना घरी जेवायला मिळत नाही का?"

नाना शेजारीच बसून माझ्याच हातची भाकरी खात होते.

खाली लोकांनी सुनेला काय काय म्हटलंय ते इथे लिहीत नाही. व्हिडिओ उतरवणं हा आणखी वेगळा ताप. यूट्यूबवर खासगीपणाची तक्रार ज्याचा चेहरा आहे त्यानेच करायची असते, सुनेची सहसा चालत नाही. मग नानांच्या नावाने खातं उघडा, व्हिडिओत ते कितव्या मिनिटाला दिसतात ते लिहा. टाकणाऱ्याला ४८ तास मिळतात, त्यात त्याने काढला नाही तर यूट्यूब बघतं. त्याने काढला, पण तोवर दुसऱ्यांनी उचलून रील केल्या होत्या, आणि प्रत्येकीची तक्रार निराळी. खरं तर त्याला यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये जाऊन चेहरा ब्लर करता आला असता. यूट्यूब चेहरे आपणच शोधून दाखवतं, आपण फक्त निवडायचे. पण चेहरा झाकला की रडायला कोण येणार?

माझा पुतण्या स्वतः व्लॉग करतो. त्याचं म्हणणं, "काकू, सार्वजनिक जागा आहे, कायद्यात कुठे मनाई आहे?" रस्त्यावर सरसकट मनाई करणारा कायदा नाही, हे मान्य. पण लंगर सगळ्यांना खुलं आहे ते जेवायला. तिथले नियम गुरुद्वाऱ्याचे, आणि सेवादार नको म्हणाला तर विषय संपला. दुसरं म्हणजे, चेहरा दिसला यावर माझं भांडण कधीच नव्हतं. मानमंदिराच्या भिंतीवरच्या पिवळ्या बदकांसमोरून शंभर माणसं जातात, ती मागे दिसणारच, त्यांना कोण हरकत घेतं? एकालाच निवडून त्याच्याबद्दल गोष्ट रचली की मात्र त्याला विचारायला हवं, आणि तेही मजकुरासकट. "काका, तुमचा व्हिडिओ काढू का?" एवढंच विचारलं असतं तर नाना हौसेने हो म्हणाले असते, केसांवरून हातही फिरवला असता. "काका, तुम्हाला घरचे जेवायला घालत नाहीत असं लिहू का?" हे विचारून दाखवा म्हणावं. पुतण्याकडून याचं उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळीला आला होता तेव्हाही विषय बदलला.

पंगत दाखवायचीच असेल तर वाढणारे हात दाखवा, दालची बादली दाखवा, पाठीमागून रांग घ्या. काही बिघडत नाही.

सगळेच व्लॉगवाले असे नसतात, हेही लिहायला हवं. सासबहूचं कोरीवकाम पुतण्याने इतकं छान टिपलंय की मीच लोकांना पाठवते. आणि ड्रोनचं राहिलंच. आणू नका. स्मारकावर खात्याच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, शिवाय महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. शहरात दुसरीकडे कुठे उडवायचं असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या रंगात येते ते पाहा.