स्टीलचा डबा की काचेचा?

"मुलगी दुसरीत आहे, वजन वीस किलो. प्लास्टिकचा डबा बंद केला. जाऊबाई म्हणतात काच घे, अन्न गरम राहतं. सासूबाई म्हणतात स्टीलच बरं. डबा अर्धा परत येतो, 'गार झालं' म्हणते. काय घेऊ?"

या आईला आधी दोन्ही डबे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांगितलं. झाकणासकट काचेचा ४२० ग्रॅम भरला, तेवढंच अन्न मावणारा स्टीलचा १७०. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणजे इथे दोन किलो. त्यात रिकाम्या डब्याचे पाव किलो जास्तीचे फार होतात.

मग एका रविवारी दोन्ही डब्यांत एकाच पातेल्यातली खिचडी भरून झाकून ठेवली. दीड तासाने दोन्हीकडे कोमट, तीन तासांनी दोन्हीकडे गार. काच हाताला उबदार लागते, त्यावरून फसगत होते. जाड काच आधी स्वतः तापते आणि ती ऊब खिचडीतूनच काढून घेते. पातळ स्टील फार ऊब घेत नाही, पण बाहेर जाणारी अडवतही नाही. पावणेसातला भरलेला डबा सव्वादहाच्या मधल्या सुट्टीत गरम राहणं यांपैकी कुणालाच जमणार नाही.

फुटण्याचं म्हणाल तर बोरोसिलिकेट काच गरम-थंड चांगलं सोसते, आपटणं नाही. दप्तर बाकावरून पडलं की टवका बहुधा काठाचा उडतो. तो दिसायला बारीक, पण भातात गेला तर शोधणं कठीण, म्हणून काठ खरखरीत लागला की तो डबा वापरातून काढायचा. स्टीलला पोचा पडतो; काठाला पडला तर झाकण नीट बसत नाही आणि रस्सा गळतो.

मुलीशी बोलल्यावर कळलं, तिची खरी तक्रार ओल्या पोळीची होती. पोळी तव्यावरून थेट डब्यात जायची, झाकणाखाली वाफेचं पाणी साचून ती लिबलिबीत व्हायची. आता पोळ्या जाळीवर दहा मिनिटं निवतात, सुती रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात जातात, भाजी वेगळ्या डबीत. डबा रिकामा येऊ लागला. काचेचा डबा घरी फ्रिजसाठी राहिला.

वरणभाताच्या दिवशी मात्र दुहेरी भिंतीचा, मधे निर्वात पोकळी असलेला स्टीलचा डबा लागतो. तो जड असतो, म्हणून आठवड्यातून एकदाच. आधी त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकायचं, ओतून टाकायचं आणि लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरायचं. कोमट भात भरू नये. तासन्‌तास कोमट राहिला की तो बिघडतो. उकळतं पाणी भरल्यावर डबा बाहेरून गरम लागला तर पोकळी गेली समजा, तो डबा बदला.